पेशी श्वसनाची ४० पानं एका पानावर कशी आणायची?

प्रश्न: मी पहिल्या वर्षाला आहे. पेशी श्वसनावर वर्गात ४० पानांचं टिपण मिळालंय. परीक्षेआधी नजर टाकायला ते एका पानात हवंय. महत्त्वाची वाक्यं रंगवून उतरवून काढली तर सात-आठ पानं होतात, आणि जबरदस्तीने एका पानात बसवलं की वाचून काहीच आठवत नाही. काय ठेवू, काय सोडू?

उत्तर:

टिपणातली वाक्यं आखडायला बसलास की सात-आठ पानं होणारच. ते टिपण व्याख्यानाच्या क्रमाने लिहिलेलं असतं: आधी ग्लायकोलिसिस, मग पायरुव्हेट, मग क्रेब्ज चक्र, मग इलेक्ट्रॉन वहन साखळी, शेवटी किण्वन. परीक्षेतला प्रश्न मात्र या प्रकरणांना आडवा छेद देत येतो. 'ऑक्सिजन संपला तर क्रेब्ज चक्र का थांबतं?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर टिपणाच्या मध्यावर आणि अर्धं शेवटच्या पानांत असतं. म्हणून तुझ्या पानाचा क्रम वेगळा हवा. ४० पानांत खरं तर तीनच गोष्टींचा माग आहे: ग्लुकोजमधले कार्बन कुठे जातात, त्यातले इलेक्ट्रॉन कुठे जातात आणि एटीपी कुठे तयार होतं. जे वाक्य या तिघांपैकी एकाचाही माग पुढे नेत नाही, ते पानावर येणार नाही.

टिपण एकदा पेन्सिल घेऊन सलग वाच आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फक्त एक अक्षर लिही: कार्बनसाठी 'का', इलेक्ट्रॉनसाठी 'इ', एटीपीसाठी 'ए'. यातलं काहीच बसत नसेल तर फुली. फुल्या बऱ्याच पडतील. मध्यवर्ती रेणूंच्या रचना, एन्झाइमच्या सक्रिय जागेची चित्रं, कोणी काय कधी शोधलं, हे सगळं तिथे जाईल. क्रेब्ज यांनी चक्र १९३७ साली मांडलं आणि मिचेल यांनी प्रोटॉनच्या उताराची कल्पना १९६१ साली मांडली हे वाचायला छान आहे, पण उजळणीच्या पानाला त्याची गरज नाही. मग टिपण मिटून ठेव. पुढचं काम उघड्या टिपणासमोर केलंस तर हात आपोआप नक्कल करू लागतो.

कागद आडवा घे आणि एकही शब्द लिहिण्याआधी दोन समांतर रेघा पूर्ण रुंदीभर ओढ. वरची रेघ मायटोकाँड्रियाचं बाह्य आवरण, खालची आतलं आवरण. दोन्हींमध्ये बोटभर पट्टा ठेव. वरच्या रेघेच्या वर पेशीद्रव, खालच्या रेघेच्या खाली मायटोकाँड्रियाचा गाभा, म्हणजे मॅट्रिक्स. यापुढे जे काही लिहिशील ते त्याच्या खऱ्या जागी पडलं पाहिजे. ग्लायकोलिसिस वर, पायरुव्हेटचं ऑक्सिडीकरण आणि क्रेब्ज चक्र खाली, आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी खालच्या रेघेवरच, कारण ती आतल्या आवरणातच बसलेली असते. या एका आकृतीमुळे 'ही क्रिया कुठे होते' अशी डझनभर वाक्यं लिहावीच लागत नाहीत.

आता कार्बन. ग्लायकोलिसिसवर टिपणात सर्वांत जास्त पानं गेलेली असतील, आणि तुझ्या पानावर त्याला सर्वांत कमी जागा मिळेल. दहा पायऱ्यांपैकी उजळणीला लागतं ते एवढंच: ६ कार्बनचा ग्लुकोज फुटून ३ कार्बनचे दोन पायरुव्हेट होतात, सुरुवातीला २ एटीपी खर्च होतात, पुढे ४ मिळतात, निव्वळ २ उरतात, आणि २ एनएडीएच तयार होतात. एकच एन्झाइम नावानिशी लिही, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज. नियंत्रणाचा मुख्य नळ तो आहे. पेशीत एटीपी भरपूर असेल किंवा सायट्रेट साचलं असेल तर तो आवळतो, एएमपी वाढलं तर मोकळा होतो. 'नियंत्रण कसं होतं' या प्रश्नाचं पहिल्या वर्षाचं निम्मंअधिक उत्तर यातच आहे. दहाही एन्झाइमची नावं तुमच्या परीक्षेत विचारत असतील (जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या की कळतं) तर त्यांची वेगळी चिठ्ठी कर. ती पाठांतराची गोष्ट आहे, ती या पानात घुसवलीस तर पानाचा श्वास कोंडेल.

पायरुव्हेटचा बाण दोन्ही रेघा ओलांडून खाली आण. ओलांडतो त्या जागी ठळक अक्षरात '×२' लिही. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत मला सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच आहे: पुढचे सगळे आकडे एका पायरुव्हेटचे असतात आणि ते दुप्पट करायचे राहून जातं. ३ कार्बनच्या पायरुव्हेटमधून एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक एनएडीएच मिळतं, आणि उरलेले २ कार्बन असेटिल को-एन्झाइम ए म्हणून चक्रात शिरतात.

चक्र काढताना आठ रेणूंची आठ नावं लिहू नकोस. वर्तुळावर फक्त कार्बनचे आकडे लिही: ४ आणि २ मिळून ६, मग ५, मग ४, आणि त्या ४ वरच पुन्हा सुरुवात. ६ चे ५ होताना एक कार्बन डायऑक्साइड आणि एक एनएडीएच. ५ चे ४ होताना पुन्हा तेच. त्यानंतर कार्बन जात नाहीत. ४ कार्बनचा तोच सांगाडा पुढे सरकताना आधी एक जीटीपी, मग एक एफएडीएच२ आणि शेवटी एक एनएडीएच देतो. नावं लिहायचीच तर जिथे काही घडतं तिथली चार पुरेत: सायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट, सक्सिनेट, ऑक्झॅलोअसेटेट. हे चित्र डोक्यात बसलं की चक्राचं उत्पन्न पाठ करावं लागत नाही, बोट फिरवून मोजता येतं.

इथे थांबून हिशेब जुळव, कारण या विषयाची मोठी सोय हीच आहे की तो जमाखर्चाच्या वहीसारखा तपासता येतो. कार्बन: ग्लुकोजमध्ये ६. पायरुव्हेटच्या पायरीवर २ कार्बन डायऑक्साइड, चक्रात ४, एकूण ६. जुळलं. आता इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू मोज. एनएडीएच: ग्लायकोलिसिसमधून २, पायरुव्हेटमधून २, चक्रातून ६, एकूण १०. एफएडीएच२ एकूण २. म्हणजे १२ वाहक, आणि प्रत्येकाकडे २ इलेक्ट्रॉन, म्हणून २४. आता टिपणाच्या पहिल्या पानावरचं समीकरण आठव:

C6H12O6 + 6O2 → 6CO2 + 6H2O

ऑक्सिजनचा प्रत्येक रेणू पाणी होताना ४ इलेक्ट्रॉन घेतो. सहा रेणू, म्हणून २४. ग्लुकोजमधून निघालेले सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे पोचले. ही ओळ पानावर नक्की ठेव: '१२ × २ = २४ = ६ × ४'. परीक्षेत एखादा एनएडीएच मोजायचा राहिला तर ही ओळ तिथल्या तिथे सांगते. शिवाय तिच्यामुळे एक जुना गैरसमज जातो. आपण घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये जात नाही, पाण्यात जातो. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि अभिक्रियेत वापरल्या गेलेल्या पाण्यातून येतो.

आता खालच्या रेघेवर चार चौकोन काढ, चार संकुलांचे, आणि थोड्या अंतरावर पाचवा एटीपी सिंथेजचा. पहिल्या चार चौकोनांवर प्रत्येकी फक्त एक आकडा लिही, इलेक्ट्रॉनची एक जोडी जाताना ते संकुल किती प्रोटॉन वरच्या पट्ट्यात ढकलतं तो: ४, ०, ४, २. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन पहिल्या संकुलाला देतं, म्हणून त्याचे एकूण १० प्रोटॉन. एफएडीएच२ चे इलेक्ट्रॉन दुसऱ्यातून शिरतात, पहिला चुकतो, म्हणून ६. चौथ्या चौकोनाखाली 'ऑक्सिजन → पाणी' असा बाण. संकुलांच्या आत कोणते लोह-गंधक गट आहेत, कोणता सायटोक्रोम कुठे बसतो, ते टिपणात राहू दे. दोन फिरते वाहक मात्र लिही, कारण त्यांच्याशिवाय चौकोन एकमेकांना जोडले जात नाहीत: पहिल्या आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे नेणारा युबिक्विनोन, आणि तिसऱ्याकडून चौथ्याकडे नेणारा सायटोक्रोम सी.

एटीपीच्या एकूण आकड्यावर विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात, आणि पान बनवताना तो गोंधळ बहुतेकदा तसाच उतरतो. टिपणात एका ठिकाणी ३८ असेल, दुसरीकडे ३६, पुढे कुठेतरी ३० किंवा ३२. चारांपैकी एक निवडून बाकी सोडून देऊ नकोस, आणि चारही नुसते ओळीने लिहू नकोस. आकडा कसा येतो ते लिही. एक एटीपी तयार होऊन मॅट्रिक्सबाहेर पोचेपर्यंत साधारण ४ प्रोटॉन खर्च होतात असं धरतात: सुमारे ३ सिंथेजमधून, आणि १ फॉस्फेट आत आणण्याच्या व एटीपी बाहेर काढण्याच्या कामी. मग एनएडीएचचे १० भागिले ४ म्हणजे २.५, आणि एफएडीएच२ चे ६ भागिले ४ म्हणजे १.५. आता बेरीज कर: १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच२ चे ३, आणि थेट मिळालेले ४ (ग्लायकोलिसिसचे निव्वळ २ आणि चक्रातले २ जीटीपी). एकूण ३२.

मग ३० कुठून आलं? ग्लायकोलिसिसचे २ एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात आणि आतलं आवरण त्यांना ओलांडू देत नाही. फक्त त्यांचे इलेक्ट्रॉन आत पोचवले जातात. मॅलेट-अस्पार्टेट मार्गाने गेले तर आत एनएडीएचच मिळतं आणि २.५ चा भाव टिकतो. ग्लिसरॉल फॉस्फेट मार्गाने गेले तर ते थेट युबिक्विनोनपाशी शिरतात, पहिलं संकुल चुकतं आणि भाव १.५ होतो. दोन एनएडीएचमागे २ एटीपी कमी, म्हणून ३०. जुन्या पुस्तकांत एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ ला २ असे पूर्णांक धरायचे. त्या भावाने ३० + ४ + ४ = ३८, आणि दुसऱ्या मार्गाने ३६. चारही आकड्यांमागे वाहक तेवढेच आहेत, फक्त भाव आणि मार्ग बदलतात. पानावर या सगळ्याला दोनच ओळी लागतात: '२.५ / १.५ → ३२ (ग्लिसरॉल मार्ग ३०)' आणि 'जुना भाव ३ / २ → ३८ (३६)'. तुमच्या परीक्षेत कोणता भाव धरतात ते शिकवणाऱ्यांना आधीच विचारून घे आणि त्या ओळीभोवती चौकट कर.

या उदाहरणात संक्षेपाची मुख्य अडचणही दिसते. एखादी गोष्ट पूर्णच गाळली तर फारसं नुकसान होत नाही. ती टिपणात आहेच. नुकसान होतं ते वाक्य ठेवून त्याची अट गाळली की. 'एनएडीएचपासून २.५ एटीपी' हे वाक्य मायटोकाँड्रियाच्या आतल्या एनएडीएचबद्दल खरं आहे. ती अट उडाली की पेशीद्रवातल्या दोघांचा हिशेब चुकतो. 'ग्लायकोलिसिसला ऑक्सिजन लागत नाही' हे आखडून 'ग्लायकोलिसिस अनॉक्सी आहे' असं लिहिलं जातं, आणि महिन्याभराने त्याचा अर्थ 'ऑक्सिजन असताना ते होत नाही' असा लागतो. ते दोन्ही स्थितींत होतं. 'किण्वनात २ एटीपी मिळतात' हेही असंच. ते दोन एटीपी ग्लायकोलिसिसचे आहेत. पायरुव्हेटचं लॅक्टेट होण्याच्या पायरीवर एकही एटीपी मिळत नाही. त्या पायरीचं काम एनएडीएचचं पुन्हा एनएडी+ करून देणं हे आहे, म्हणजे ग्लायकोलिसिस अडत नाही. म्हणून पान लिहून झाल्यावर टिपण एकदाच उघड आणि प्रत्येक ओळीसमोर विचार: मूळ वाक्यात 'जर', 'फक्त', 'प्रत्येकी', 'निव्वळ' असा शब्द होता का? असेल तर तो परत घाल.

किण्वनासाठी वर, पायरुव्हेटच्या बाजूला, एक छोटा बाण पुरतो: 'पायरुव्हेट → लॅक्टेट, एनएडी+ परत'. यीस्टच्या बाबतीत 'इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड' असा दुसरा फाटा. यापेक्षा जास्त लागत नाही.

आता कागदाचा उजवा कोपरा रिकामा असेल. तिथे विषांची ओळ येते, आणि ती मी कधीच गाळू देत नाही. टिपणात रोखणाऱ्या पदार्थांचा तक्ता असेल आणि मुलं तो नावांच्या यादीसारखा पाठ करतात. तुझ्या पानावर मात्र प्रत्येक नाव त्याच्या चौकोनावर फुलीसारखं येईल: रोटेनोन पहिल्यावर, अँटिमायसिन तिसऱ्यावर, सायनाइड चौथ्यावर, ऑलिगोमायसिन सिंथेजवर. आणि डायनायट्रोफिनॉल कुठल्याच चौकोनावर नाही. ते आवरणातून प्रोटॉन परस्पर खाली गळू देतं. कोपऱ्यात परिणाम लिहू नकोस, फक्त दोन प्रश्न लिही: 'ऑक्सिजनचा वापर?' आणि 'एटीपी?' उत्तरं आकृतीवरून काढायची.

एक करून दाखवतो. मायटोकाँड्रियाच्या द्रावणात ऑलिगोमायसिन घातलं. सिंथेज बंद, त्यामुळे वरच्या पट्ट्यातले प्रोटॉन खाली यायचा मुख्य रस्ता बंद. ते साचत जातात, आणि भरलेल्या पट्ट्यात आणखी प्रोटॉन ढकलणं संकुलांना जड होत जातं. साखळी मंदावते, म्हणून ऑक्सिजनचा वापरही घटतो, खरं तर ऑलिगोमायसिनने साखळीला हातही लावलेला नसतो. आता त्याच द्रावणात डायनायट्रोफिनॉल घाल. प्रोटॉनना दुसरी वाट मिळाली, साचलेला दाब उतरला, साखळी पुन्हा जोरात चालू झाली आणि ऑक्सिजनचा वापर वाढला. एटीपी मात्र नाहीच, कारण प्रोटॉन सिंथेजमधून जात नाहीत. ती ऊर्जा उष्णता म्हणून जाते. ऑलिगोमायसिनऐवजी आधी सायनाइड घातलं असतं तर? मग डायनायट्रोफिनॉल घालूनही ऑक्सिजनचा वापर वाढला नसता, कारण अडथळा प्रोटॉनच्या परतीच्या वाटेवर नसून ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या चौकोनातच आहे. हे सगळं तुला नुसत्या चौकोनांकडे आणि बाणांकडे बघून सांगता आलं, तर तुझं पान बरोबर बनलंय. सांगता आलं नाही तर एखादा बाण राहिलाय. बहुधा सिंथेजमधून खाली येणारा.

शाई तीनच रंगांची वापर आणि रंगाला अर्थ दे: कार्बन एका रंगात, इलेक्ट्रॉन दुसऱ्या, एटीपी तिसऱ्या. महत्त्वाचं म्हणून लाल, असं करू नकोस, कारण पाच मिनिटांत सगळंच महत्त्वाचं वाटू लागतं. अक्षर हाताच्या अंतरावरून वाचता आलं पाहिजे. अक्षर बारीक करावं लागलं तर ते पानात जास्त घुसवल्याचं लक्षण समज. अशा वेळी आधी नावं काढ, मग संकुलांविषयीची वाक्यं. बेरजा आणि बाण काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी टिपण आणि पान दोन्ही बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर तेच चित्र काढ. सुरुवातीचा प्रश्न घे: ऑक्सिजन नाही, तर ज्यात ऑक्सिजन वापरलाच जात नाही ते क्रेब्ज चक्र का थांबतं? बोट चौथ्या चौकोनावर ठेव आणि उलटं चालत ये. ऑक्सिजन नाही, म्हणून चौथ्यातून इलेक्ट्रॉन पुढे जात नाहीत, मागची साखळी भरून राहते, एनएडीएचला इलेक्ट्रॉन टाकायला जागा नाही, एनएडी+ संपतं, चक्रातल्या तीन पायऱ्यांना एनएडी+ लागतं, त्या अडतात. पायरुव्हेटची पायरीही त्याच कारणाने अडते. वर पेशीद्रवात मात्र लॅक्टेटचा बाण एनएडी+ परत करतो, म्हणून तिथे काम चालू राहतं. या प्रवासात ज्या ओळीवर तुझं बोट एकदाही टेकलं नाही आणि जी नियंत्रणाच्या किंवा विषांच्या प्रश्नालाही उपयोगी पडली नाही, ती ओळ खोडून टाक.

शेवटचं काम दहा मिनिटांचं आहे. पानावरच्या प्रत्येक भागाशेजारी पेन्सिलीने टिपणातला पान क्रमांक लिही: ग्लायकोलिसिसपाशी, चक्रापाशी, चौकोनांपाशी, एटीपीच्या बेरजेपाशी. उजळणीत कुठे अडलास तर ४० पानं चाळत बसावं लागणार नाही, नेमकं तेच पान उघडता येईल.